दोनशे बारा जीबी हलवले, डाउनलोड झालं जेमतेम तीन एमबी

मी डीटीपी करते, म्हणजे पुस्तकांची मांडणी, इनडिझाइनमध्ये. ऑफिस पुण्यात, मी वाईला घरून. ऑफिसने स्वतःचा नेक्स्टक्लाउड सर्व्हर लावलाय आणि सगळी पुस्तकं, चित्रं, फॉन्ट, प्रूफच्या पीडीएफ तिथून सिंक होतात. माझ्या लॅपटॉपला ५१२ जीबीची एसएसडी आहे आणि गेल्या महिन्यात सी ड्राइव्हवर ९ जीबी उरले होते, इनडिझाइन सेव्ह करताना अडखळायला लागलं तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की नेक्स्टक्लाउडचा फोल्डर एकटा २१२ जीबीचा झालाय.

एक टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क घरात पडून होती. म्हटलं फोल्डर कट करायचा, तिकडे पेस्ट करायचा, क्लायंटला, म्हणजे लॅपटॉपवर सिंक करणाऱ्या नेक्स्टक्लाउडच्या प्रोग्रामला, नवीन जागा दाखवायची, संपलं. नशीब की आधी ऑफिसातल्या सर्व्हर बघणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई थांबा, कट करू नका, तुमच्याकडे सिलेक्टिव्ह सिंक आहे ना?" आहे. सर्व्हरवर एकूण ७३० जीबी आहे, त्यात जुन्या दिवाळी अंकांची अर्काइव्ह वगैरे, ते सगळं मी टिक काढून ठेवलंय, फक्त माझी चालू पुस्तकं खाली येतात. तो म्हणाला ती टिक कुठे लिहून ठेवलेली असते माहितीये का, फोल्डरमध्येच एका लपलेल्या फाइलमध्ये, ती गेली की २१२ पण नाही, अख्खे ७३० खाली यायला लागतील.

माझं नेट ४० एमबीपीएसचं आणि महिन्याला ५०० जीबीची मर्यादा, त्यानंतर स्पीड इतका पडतो की मेलची अटॅचमेंट उघडेपर्यंत चहा होतो. म्हणजे एक चुकीचा कट-पेस्ट आणि अर्धा महिना घरी बसून. म्हणून मग जे केलं ते नीट समजून केलं, आणि तेच इथे लिहितेय. माझं विंडोज ११ आहे, मॅकवाल्यांचे रस्ते वेगळे पण कल्पना तीच.

ती लपलेली फाइल

एक्सप्लोररमध्ये View, त्यात Show मध्ये जाऊन Hidden items चालू केलं आणि नेक्स्टक्लाउडच्या फोल्डरच्या अगदी वरच्या पातळीवर ती दिसली. नाव असं काहीतरी, `.sync_` आणि पुढे बारा अक्षरांचा गिचमिडा आणि शेवटी `.db`. माझी पन्नास-साठ एमबीची होती. मी आजवर समजत होते की क्लायंट दर वेळी सर्व्हरला विचारतो तुझ्याकडे काय आहे, मग माझ्याकडे काय आहे ते बघतो आणि फरक काढतो. तसं नाहीये. मधे ही फाइल म्हणजे एक वही आहे. प्रत्येक फाइलपुढे तिचा रस्ता, आकार, शेवटची बदललेली वेळ आणि सर्व्हरने त्या फाइलला दिलेला खूणक्रमांक लिहिलेला असतो. क्लायंट सुरू झाला की डिस्कवरची फाइल वहीतल्या नोंदीशी ताडून बघतो, आकार आणि वेळ जुळली तर ही फाइल इथे बदललेली नाही. सर्व्हरचा खूणक्रमांक वहीतल्याशी जुळला तर तिथेही बदललेली नाही. दोन्ही जुळलं की पुढची फाइल. फाइल उघडून आत काय आहे हे बघत पण नाही.

आणि माझ्या कामाची गोष्ट म्हणजे वहीत रस्ते लिहिलेत ते फोल्डरच्या आतले, `Kadambari/Chitre/cover.tif` असे, सुरुवातीला C: वगैरे काही नाही. वहीच्या नावातला तो गिचमिडा पण सर्व्हरचा पत्ता, युजरचं नाव आणि सर्व्हरवरचा फोल्डर यावरून बनतो, लॅपटॉपवर फोल्डर कुठे आहे याचा त्यात संबंध नाही. म्हणजे फोल्डर वहीसकट उचलून कुठेही ठेवला तरी वही खरीच राहते. ज्या टिक मी काढल्यात त्यांची यादी पण याच वहीत.

आता क्लायंटच्या सेटिंगमधून करायचं म्हटलं तर लोक काय करतात, Remove folder sync connection करतात, फोल्डर हलवतात आणि मग Add Folder Sync Connection करून नवीन जागा देतात. फाइली तशाच राहतात हे खरं, पण कनेक्शन काढताना वही पुसली जाते. मग नव्याने जोडल्यावर क्लायंटकडे कुठलीच आठवण नसते, तो प्रत्येक फाइल सर्व्हरशी ताडतो, आकार आणि वेळ जुळली तर डाउनलोड न करता वहीत लिहून टाकतो, म्हणजे अगदी सगळं खाली ओढेल असं नाही. पण टिक परत लावाव्या लागतात आणि जोडतानाच्या त्या खिडकीत ते विसरलं तर अर्काइव्ह धो धो सुरू. अजून एक, दरम्यान ऑफिसात कोणी एखादी फाइल डिलीट केली असेल आणि ती माझ्याकडे असेल, तर वही नसलेला क्लायंट म्हणतो ही फाइल इथे आहे सर्व्हरवर नाही म्हणजे नवीन आहे, आणि वर चढवतो. डिलीट केलेली प्रूफं भुतासारखी परत येतात. प्रूफरीडरने जुन्या प्रूफवर खुणा केल्या की काय होतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

म्हणून ठरलं, कनेक्शनला हात लावायचा नाही, वही जपायची, आणि क्लायंटच्या सेटिंगच्या फाइलीत फक्त पत्ता बदलायचा.

आधी पेनड्राइव्हवर तालीम, आणि ती फसली

२१२ जीबीवर थेट प्रयोग करायची हिंमत नव्हती म्हणून मी सर्व्हरवर चाचणीचा एक छोटा फोल्डर केला, ४२ फाइली, त्याचं वेगळं सिंक कनेक्शन जोडलं (प्रत्येक कनेक्शनची वही वेगळी असते), सगळं हिरवं झाल्यावर क्लायंट बंद करून तो फोल्डर १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर कॉपी केला, वही सोबत आहे ना बघितलं, पत्ता बदलला, क्लायंट चालू केला. आणि तो अपलोड करायला लागला. सगळ्या फाइली नाहीत, ४२ पैकी १९. डाउनलोड नाही, अपलोड. मी एकही फाइल उघडली नव्हती.

हे मला दोन दिवस कळेना. मग एक फाइल दोन्हीकडे Properties मध्ये उघडून शेजारी शेजारी ठेवली. सी ड्राइव्हवर Modified मध्ये १०:४१:०७, पेनड्राइव्हवर १०:४१:०८. दुसरी फाइल, ०३:१५:५३ चं ०३:१५:५४. आणि ज्या फाइली अपलोड झाल्या नाहीत त्यांचे सेकंद आधीपासूनच सम होते! पेनड्राइव्ह फॉरमॅट केलेला होता फॅट३२ मध्ये आणि फॅट३२ मध्ये बदललेली वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिता येते. विषम सेकंद पुढच्या समवर सरकतो. वहीत ०७, डिस्कवर ०८, क्लायंटच्या मते ही फाइल इथे कोणीतरी बदलली, चढवा वर. साधारण निम्म्या फाइलींचे सेकंद विषम असणार, म्हणून ४२ पैकी १९. तो हिशोब जुळला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की रात्री साडेअकराला त्या मुलाला मेसेज टाकला आणि त्याने सकाळी फक्त अंगठा पाठवला.

म्हणजे लोक घाबरतात ते डाउनलोडला पण फाइलींच्या वेळा बिघडल्या तर उलटं होतं, सगळं वर जातं, आणि घरच्या नेटचा अपलोड तर डाउनलोडपेक्षा बारीक. झिप करून हलवणं, फोनमधून फिरवणं, कुठल्यातरी कॉपी करणाऱ्या ॲपने वेळा आजच्या करून टाकणं, यातलं काहीही चालत नाही.

मग हार्डडिस्क बघितली तर ती एक्सफॅट होती, दुकानातून आली तशी. एक्सफॅटला हा दोन सेकंदांचा त्रास नाही, त्यात वेळ बारीक लिहिता येते, पण तरी मी एनटीएफएस केली. कारण एक्सफॅट जर्नल, म्हणजे डिस्कवर काय बदलणार याची आगाऊ नोंद, ठेवत नाही, लिहिताना वायर निघाली तर फाइलसिस्टिमच विस्कटायची शक्यता जास्त, आणि ही डिस्क आता टेबलावर लॅपटॉपला लटकत राहणार, घरात सात वर्षांचा मुलगा आहे. डिस्कवर आधीचं काही नव्हतं म्हणून सरळ राइट क्लिक, Format, NTFS, Quick. ज्यांच्या डिस्कवर काही असेल त्यांनी ते आधी काढून घ्या, फॉरमॅट सगळं पुसतं हे सांगायची गरज नाही पण सांगते.

दुसरं ड्राइव्हचं अक्षर. एक्सटर्नल डिस्कला विंडोज जे मोकळं असेल ते अक्षर देतं, आज E: उद्या पेनड्राइव्ह आधी लावला तर F:. सेटिंगमध्ये पत्ता E: लिहिला आणि उद्या डिस्क F: झाली तर क्लायंटला फोल्डरच सापडणार नाही. `diskmgmt.msc` उघडून डिस्कच्या पट्टीवर राइट क्लिक, Change Drive Letter and Paths, आणि N: दिलं. पुढचं अक्षर यासाठी की पेनड्राइव्ह, कार्ड रीडर वगैरे सुरुवातीची अक्षरं खातात. तेव्हापासून ही डिस्क या लॅपटॉपला कधीही लावा, N: च असते.

आणि तिसरं, व्हर्च्युअल फाइल्स बंद आहेत ना हे बघितलं. विंडोजवर नेक्स्टक्लाउडमध्ये ती सोय आहे, फाइलीच्या शेजारी ढगाचं चिन्ह दिसतं आणि फाइल खरंतर लॅपटॉपवर नसतेच, उघडली की खाली येते. असा फोल्डर कॉपी करायला घेतला तर कॉपी करणारा प्रोग्राम प्रत्येक फाइल वाचायला जातो, म्हणजे प्रत्येक फाइल आधी खाली उतरते, म्हणजे ज्याच्यापासून पळत होतो तेच. माझ्याकडे ती सोय कधी चालू केलीच नव्हती, सगळ्या फाइली खऱ्या होत्या. ज्यांच्याकडे ढग दिसतायत त्यांच्यासाठी माझा हा मार्ग नाही.

प्रत्यक्ष हलवणं

रविवारी सकाळी बसले. आधी क्लायंटने सगळं सिंक झाल्याचा हिरवा टिक दाखवेपर्यंत थांबले. मग घड्याळाशेजारच्या आयकॉनवरून क्लायंट पूर्ण बंद केला, नुसती खिडकी बंद करून उपयोग नाही, तो मागे चालूच असतो. बंद झालाय हे ओळखायची एक खूण मला आवडली, चालू असताना वहीच्या शेजारी त्याच नावाच्या `-wal` आणि `-shm` अशा दोन फाइली दिसत होत्या, व्यवस्थित बंद झाल्यावर त्या गायब झाल्या. ताज्या नोंदी आधी त्या `-wal` मध्ये पडतात आणि बंद होताना वहीत उतरतात, त्यामुळे क्लायंट चालू असताना वही कॉपी केली तर अर्धवट वही मिळू शकते.

मग सेटिंगच्या फाइलची एक प्रत डेस्कटॉपवर काढली. ती इथे असते, `%APPDATA%\Nextcloud\nextcloud.cfg`, हा रस्ता एक्सप्लोररच्या पट्टीत तसाच पेस्ट केला की उघडतो.

कॉपीसाठी एक्सप्लोरर पण चाललं असतं, तो फाइलींच्या बदललेल्या वेळा जपतो, पण मधेच एखादी फाइल अडली की खिडकी उघडून बसतो आणि आपण स्वयंपाकघरात असतो. म्हणून रोबोकॉपी, विंडोजमध्येच असतं, कमांड प्रॉम्प्टवर:

```
robocopy "C:\Users\dtp\Nextcloud" "N:\Nextcloud" /E /COPY:DAT /DCOPY:DAT /R:2 /W:5 /NP /UNILOG:"C:\Users\dtp\Desktop\copy.log"
```

`/E` म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामे सुद्धा. `/COPY:DAT` म्हणजे मजकूर, गुणधर्म आणि वेळा. `/R:2 /W:5` हे मुद्दाम लिहा कारण नाही लिहिलं तर रोबोकॉपी अडलेल्या फाइलीवर दहा लाख वेळा प्रयत्न करतो, प्रत्येक वेळी तीस सेकंद थांबून, आणि आपण दुपारी येऊन बघतो तर तो सकाळच्याच फाइलीवर. `/UNILOG` ची गोष्ट अशी की आधी मी साधं `/LOG` दिलं होतं आणि लॉगमध्ये माझ्या सगळ्या देवनागरी नावांच्या फाइली `?????.indd` अशा दिसल्या, कुठली अडली काही कळेना. फाइली नीटच कॉपी होतात, फक्त लॉग वाचता येत नाही. `/UNILOG` ने नावं नीट आली. लपलेल्या फाइली रोबोकॉपी आपोआप घेतो.

हलवायची कमांड (`/MOVE`) मुद्दाम वापरली नाही, कॉपीच केली. जागा आहे तोवर मूळ हलवायचं कशाला.

पावणेतीन तास लागले. एक लाख दहा हजारांवर फाइली, त्यात बारक्या बारक्या फाइलींचा भरणा, फिरत्या हार्डडिस्कला तेच जड जातं. शेवटी जो तक्ता येतो त्यात FAILED च्या खाली १ होतं. लॉगमध्ये शोधलं तर `ERROR 32`, म्हणजे फाइल दुसरा प्रोग्राम वापरतोय. इनडिझाइन मीच उघडं ठेवलं होतं, खाली मिनिमाइझ करून, एक प्रकरण उघडं. बंद केलं, तीच कमांड परत चालवली, या वेळी काही मिनिटांत झाली कारण जे आधीच जसंच्या तसं आहे ते तो सोडून देतो. FAILED शून्य.

मग खात्रीसाठी तीच कमांड `/L` लावून. त्याने तो काही कॉपी करत नाही, फक्त केलं असतं तर काय काय केलं असतं त्याची यादी देतो. यादीत एकही फाइल नाही, Copied च्या खाली ०, सगळं Skipped. ही तपासणी मला फार पटली, कारण रोबोकॉपी दोन फाइली सारख्या आहेत का हे आकार आणि बदललेली वेळ यावरूनच ठरवतो, म्हणजे क्लायंट पुढे ज्या दोन गोष्टी बघणार आहे त्याच. रोबोकॉपीला फरक दिसत नाही तर क्लायंटलाही दिसायला नको. (मजकुरातच एखादा बाइट बिघडला असेल तर तो यात कळत नाही, त्यासाठी चेकसम काढावे लागतील, मी चार-पाच जड पुस्तकं उघडून बघितली आणि पुढे गेले.)

आता सी ड्राइव्हवरच्या जुन्या फोल्डरचं नाव बदलून `Nextcloud_juna` केलं. हे दोन कारणांनी, पत्ता बदलताना माझी काही चूक झाली तर क्लायंटला जुना फोल्डर सापडूच नये, आणि सवयीने मी जुन्या जागेची फाइल उघडून त्यात काम करू नये.

मग `nextcloud.cfg` नोटपॅडमध्ये उघडली. त्यात बरंच काय काय असतं, आपल्याला लागतात त्या ओळी अशा दिसतात:

```
0\Folders\1\journalPath=.sync_4f1c09a7be32.db
0\Folders\1\localPath=C:/Users/dtp/Nextcloud/
0\Folders\1\paused=false
0\Folders\1\targetPath=/
```

एकाहून जास्त कनेक्शन असतील तर 1 च्या जागी 2 असे अजून गट असतात, कुठला आपला ते localPath वाचून ओळखायचं. मी दोनच ओळी बदलल्या:

```
0\Folders\1\localPath=N:/Nextcloud/
0\Folders\1\paused=true
```

तिरप्या रेषा विंडोजसारख्या उलट्या नाहीत, सुलट्या आहेत, आणि शेवटची रेषा पण ठेवायची, जशी होती तशी. journalPath ला हात लावायचा नाही, फक्त ते नाव आणि N: वर दिसणारं वहीचं नाव एकच आहे हे डोळ्याने अक्षर अक्षर ताडून बघितलं. नवीन फोल्डरचं नाव मी मुद्दाम इंग्रजी अक्षरांत ठेवलं, कारण या फाइलीत देवनागरी रस्ता हाताने लिहायला गेलं की कोडची खिचडी होते. आणि हे सगळं क्लायंट बंद असतानाच, चालू असताना बदललं तर तो बंद होताना स्वतःच्या डोक्यातलं परत त्या फाइलीत लिहितो आणि आपलं पुसलं जातं.

paused=true ही त्या मुलाची आयडिया. म्हणाला, "चालू झाल्या झाल्या पळायला लागला तर तुम्हाला थांबवायला वेळ मिळणार नाही, आधीच बसवून ठेवा." म्हणजे क्लायंट उघडतो, फोल्डर दाखवतो, पण सिंक करत नाही.

तो क्षण

क्लायंट उघडला. फोल्डरच्या नावाखाली N: चा रस्ता, पॉझचं चिन्ह. फोल्डरांची यादी उलगडून बघितली, अर्काइव्हच्या टिक काढलेल्याच होत्या. हे बघितल्यावर अर्धी धाकधूक गेली कारण याचा अर्थ त्याने जुनीच वही उघडलीय, नवीन कोरी बनवली नाही. कोरी असती तर टिक सगळीकडे दिसल्या असत्या. डिस्कवर पण बघितलं, `.sync_` ची फाइल एकच, तेवढीच जड. दुसरी छोटी, काही केबीची दिसली असती तर तिथेच थांबले असते.

टास्क मॅनेजर उघडून Processes मध्ये नेटवर्कचा रकाना समोर ठेवला आणि Resume sync दाबलं. बोट परत पॉझवरच.

सुरुवातीला तीन-चार मिनिटं नेटवर्क शून्य आणि डिस्क १०० टक्के. हार्डडिस्कचा तो किरकिर आवाज. हे बरोबर आहे, तो एक लाख दहा हजार फाइलींचे आकार आणि वेळा वहीशी ताडतोय, नेटचं काही काम नाही. मग नेटवर्क हललं आणि माझ्या पोटात गोळा आला, पण बघते तर तीन फाइली, सकाळी ऑफिसातल्या कोणीतरी रविवारी पण काम करून मुखपृष्ठाच्या दोन जेपीजी आणि एक वर्डची फाइल टाकली होती. सगळं मिळून तीन एमबीच्या आसपास. त्या खाली आल्या, हिरवा टिक.

उलट्या बाजूने पण तपासलं, N: वर एका टेक्स्ट फाइलीत एक ओळ घातली, ती वर गेली, ब्राउझरमध्ये दिसली. झालं.

नंतरचं

एक, डिस्क लावलेली नसताना क्लायंट चालू झाला तर काय? मी मुद्दाम करून बघितलं. तो फोल्डर अस्तित्वात नाही अशी तक्रार करत बसतो, सर्व्हरवरचं काही डिलीट करत नाही. तरी मी Launch on System Startup बंद केलंय, सकाळी डिस्क लावते आणि मग हाताने क्लायंट उघडते. माझ्या बहिणीकडे लिनक्स आहे, तिला मी सांगितलंय की सिंकचा फोल्डर म्हणून डिस्कचा माउंट पॉइंटच, म्हणजे डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते तो, देऊ नकोस, त्याच्या आतला एक फोल्डर दे. कारण लिनक्सवर डिस्क नसली तरी माउंट पॉइंटचा रिकामा फोल्डर आतल्या डिस्कवर शिल्लक राहू शकतो, क्लायंटला तो सापडतो, आत वही नाही, कोरी वही उघडतो, आणि मग सगळं लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर डाउनलोड करायला लागतो. आतला फोल्डर दिला असेल तर तो डिस्क नसताना दिसतच नाही आणि गाडी तिथेच थांबते.

दोन, डिस्क काढताना. पहिल्या दिवशी संध्याकाळी सेफली रिमूव्ह दाबलं तर विंडोज म्हणे डिव्हाइस वापरात आहे. इनडिझाइन बंद, सगळं बंद, तरी तेच. वही! क्लायंटने ती उघडून धरलेली असते. आधी क्लायंट बंद, मग सेफली रिमूव्ह, लगेच निघते.

तीन, आणि हे मात्र मला आधी सुचायला हवं होतं, इनडिझाइनच्या लिंका. चित्रं पानात लावताना त्यांचा पूर्ण रस्ता फाइलीत लिहिला जातो, C:\Users\dtp पासून. सोमवारी एक कादंबरी उघडली तर लिंक्सच्या पॅनेलमध्ये लाल प्रश्नचिन्हांची रांग. त्या पॅनेलच्या मेनूत Relink to Folder आहे, चित्रांचा फोल्डर दाखवला की नावावरून सगळी जोडून घेतो, एका पुस्तकाला दोन मिनिटं. पण रीलिंक केल्यावर फाइल सेव्ह होते, म्हणजे बदलते, म्हणजे ती मात्र खरोखर अपलोड होते. अकरा पुस्तकं चालू आहेत. मी एकदम सगळी उघडली नाहीत, जे पुस्तक हातात येईल ते त्या दिवशी दुरुस्त, म्हणजे अपलोड पण थोडा थोडा.

`Nextcloud_juna` आठ दिवस तसाच ठेवला. म्हणजे आठ दिवस सी ड्राइव्हवर तेच ९ जीबी आणि तोच अडखळणारा लॅपटॉप, पण चालतंय. मंगळवारी शेवटी शिफ्ट धरून डिलीट केला, सी ड्राइव्हवर २२१ जीबी मोकळे. अकरापैकी सात पुस्तकांच्या लिंका झाल्यात.